पहिल्या दृश्याची मांडणी

आपल्या पटकथेतील संवाद चांगले आहेत, परंतु पहिल्याच दृश्यातील अकरा ओळींचा सलग परिच्छेद पाहून घाईत असलेला वाचक तिथवर पोहोचणारच नाही. दृश्यशीर्षकात ‘आतील – स्वयंपाकघर – रात्र’ एवढेच पुरे. मीरा अंगणात गेली की नवे शीर्षक द्यावे.

‘मीराला वडिलांची उणीव भासते’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. त्याऐवजी ‘मीरा दोन ताटे मांडते. थांबते. एक परत ठेवते.’ असे वर्तमानकाळात लिहिल्यास तेच कळते, आणि वर्णन तीन-चार ओळींच्या आत राहते.

पात्राचे नाव संवादाच्या वर स्वतंत्र ओळीत असावे. कंसातील ‘रागाने’, ‘हळवेपणाने’ मात्र बहुतेक काढून टाकावे. मीही सुरुवातीला ते प्रत्येक वाक्याला चिकटवत असे.