अमेरिकेत हॉटेलमध्ये शाकाहारी जेवण मागायचं, पण इंग्लिश जेमतेम आहे

प्रश्न: मे महिन्यात मुलीकडे डॅलसला चाललोय, मी आणि मिसेस. दोघंही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, दूध-तूप चालतं. मुलगी-जावई दिवसभर ऑफिसला. इंग्लिश तोडकंमोडकं. आम्ही दोघंच हॉटेलात गेलो तर यात काय घातलंय ते कसं विचारायचं?

उत्तर:

काका, मी मुलाकडे ह्यूस्टनला असते, म्हणजे तुमच्याच टेक्सासात, आणि माझं इंग्लिश पण मराठी शाळेतलंच. टेक्सासात गल्लोगल्ली मेक्सिकन हॉटेलं, आणि भात, राजम्यासारखी उसळ, पोळी, चीज, मिरची असं असल्यामुळे आपल्याला वाटतं हे आपलंच जेवण आहे, त्यामुळे तुम्ही पहिले तिथेच जाणार. म्हणून तेवढंच नीट सांगते.

पहिली गोष्ट, तिकडे 'व्हेज', 'नॉनव्हेज', 'प्युअर व्हेज' काही कळत नाही. व्हेज म्हटलं की त्यांना वाटतं तुम्हाला भाज्या हव्यात, मग भाज्या देतील आणि वर चिकनही घालतील. व्हेजिटेरियन म्हटलं तर कळतं पण त्यांच्या व्हेजिटेरियनला अंडं चालतं. व्हीगन म्हणालात तर अंडं जातं पण सोबत चीज, दही, बटर पण जातं, मग खायला उरतं काय. म्हणून नाव सांगण्यापेक्षा सरळ यादी सांगायची: "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग. मिल्क ओके, चीज ओके." हे मुलीकडून इंग्लिशमध्ये मोठ्या अक्षरात मोबाईलवर टाइप करून घ्या आणि ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरला दाखवा, बोलताना अडखळायला झालं तरी वाचून त्याला कळतं.

आता खरी मेख. दिसणारं मांस आपण बघून बाजूला करू पण न दिसणारं असतं तेच त्रासाचं. मेनूवर बीन बरिटो लिहिलेलं असतं, म्हणजे पोळीत बीन्स, भात, चीज गुंडाळलेलं. त्यातला एकेक पदार्थ बघा. घोटलेल्या बीन्स असतात त्यांना रिफ्राइड बीन्स म्हणतात, त्या बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीवर परततात, त्या चरबीला लार्ड म्हणतात. हा शब्द पाठच करा. चार्रो बीन्स म्हणून पातळ रस्स्याच्या असतात त्यात बेकन असतं, त्या घ्यायच्याच नाहीत. लाल मेक्सिकन भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात नाहीतर चिकनची पावडर घालून शिजवतात. आणि मैद्याच्या पोळीत, फ्लावर टॉर्टिया म्हणतात तिला, पूर्वीपासून लार्डच घालायची पद्धत, हल्ली विकतच्या पोळ्यांत बहुतेक वनस्पती तेल असतं पण हॉटेलात बनवलेली असेल तर विचारावं लागतं. मक्याची पोळी, कॉर्न टॉर्टिया, त्यात मका, चुना आणि पाणी एवढंच, ती बिनधास्त घ्या.

त्यामुळे "इज इट व्हेजिटेरियन?" असं अख्ख्या डिशबद्दल विचारून उपयोग नाही, वेटर बिचारा आठवून बघतो की आत मांसाचे तुकडे नाहीत आणि यस म्हणतो, त्याच्या हिशोबाने ते खोटं पण नसतं. एका वेळी एकाच पदार्थाचं विचारायचं:

"बीन्स, लार्ड?"
"राइस, चिकन ब्रॉथ? चिकन पावडर?"
"टॉर्टिया, लार्ड?"

व्याकरण बसवत बसू नका, एवढ्यानेच कळतं. फक्त प्रश्नात 'नो' आणू नका. "नो लार्ड?" विचारलं आणि तो "यस" म्हणाला तर लार्ड आहे म्हणाला की नाही म्हणाला, तुम्हाला कळणार नाही आणि त्यालाही नाही. "लार्ड?" विचारलं की यस म्हणजे आहे, नो म्हणजे नाही, विषय संपला.

उत्तर कसं येतं त्याकडे पण लक्ष द्या. "आय थिंक सो", "शुड बी फाइन" याचा अर्थ त्याला माहीत नाही. मग म्हणायचं "प्लीज आस्क किचन". आत जाऊन येऊन सांगेल तर भरवसा ठेवा. आत जायचा कंटाळा दिसला तर तो पदार्थ सोडा. साडेसात-आठला गर्दीत गेलात तर कोणी आत जाऊन विचारत नाही, दुपारी दोननंतर किंवा संध्याकाळी पाचला जा.

कित्येक हॉटेलात स्वयंपाकघरातले लोक स्पॅनिश बोलणारे, आपल्यासारखंच त्यांचंही इंग्लिश कच्चं. तिथे लार्डला "मांतेका" म्हटलं की पटकन कळतं, आणि चिकनचं पाणी म्हणजे "काल्दो दे पोयो". पण "सिन कार्ने", म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून थांबू नका, कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफ-पोर्क येतं आणि चिकन राहून जातं. पोयो, पेस्कादो (मासे), वेवो (अंडं) वेगवेगळं सांगा.

बरेच जण सल्ला देतील की ॲलर्जी आहे सांगा, मग घाबरून नीट करतात. मला नाही पटत. एकतर खोटं, आणि दुसरं म्हणजे ॲलर्जीची जी यादी ते दाखवतात त्यात दूध, अंडं, मासे, कोळंबीवर्गीय, शेंगदाणे, काजू-बदाम, गहू, सोया आणि 2023 पासून तीळ, एवढ्याच 9 गोष्टी कायद्याने धरलेल्या. अंडं आणि मासे त्यातून कळतील पण चिकनचं पाणी आणि लार्ड त्या यादीत येतच नाही, म्हणजे आपल्याला नेमकं हवं तेच त्यात नसतं.

तर ऑर्डर काय द्यायची? समजा बीन्समध्ये लार्ड आहे, भातात चिकन पावडर आहे असं कळलं, तर मी म्हणते: "कॉर्न टॉर्टिया, चीज, ग्रिल्ड पेपर, ओनियन, ग्वाकामोले. नो राइस, नो बीन्स." ग्वाकामोले म्हणजे अवोकाडोची चटणी, सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर असते पिको दे गायो, दोन्ही चांगले लागतात. आख्ख्या काळ्या बीन्स, ब्लॅक बीन्स, काही ठिकाणी चालतात पण त्याही विचारूनच. चीज एन्चिलाडा नावाला चीजचा पण इकडे त्यावर तपकिरी रस्सा ओततात त्यात बीफ असू शकतं, तो मी घेत नाही. गोडात फ्लान आणि त्रेस लेचेस दोन्हीत अंडं असतं.

राहिला तवा. भाज्या परततात त्याच तव्यावर चिकन-बीफ परतलेलं असतं, आणि चिप्स तळतात त्याच तेलात कधीकधी मांसाचं पण तळतात. "क्लीन पॅन, प्लीज?" म्हटलं तर काही जण वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, छोट्या हॉटेलात जमत नाही म्हणतात. माळकरी आहात तर हे आधीच दोघांनी घरी ठरवून जा, टेबलावर बसून ठरवायला गेलात तर वेटर उभा, वहिनी तुमच्याकडे बघणार आणि तुम्ही मेनूकडे. तवा चालत नसेल तर ग्रिल्ड पेपर-ओनियन गाळा, ग्वाकामोले, पिको दे गायो आणि मक्याची पोळी मागा, आणि पोळी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला सांगा, "टॉर्टिया, मायक्रोवेव्ह प्लीज", हे कोणीही करून देतं.