करार वाढवला नाही, तर ती कामावरून काढणे ठरते का?

प्रश्न: चाकणच्या एका कारखान्यात मी मशिन ऑपरेटर होतो. अकरा-अकरा महिन्यांचे चार करार झाले, मध्ये दोन-दोन दिवसांचा खंड. 31 मार्च 2024 ला शेवटचा संपला आणि पुढचा दिलाच नाही. पगार 18,000. एचआर म्हणते, काढलेच नाही, तर नोटीस कसली?

उत्तर: मी कामगार न्यायालयात वकिली करतो. एचआरचे म्हणणे निराधार नाही, पण अपुरे आहे.

तुमचा करार संपला तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 2(ओओ) मध्ये 1984 साली (बीबी) हे उपकलम घालण्यात आले. करार मुदत संपून नूतनीकरणाविना थांबला, किंवा करारातल्याच अटीनुसार मधेच संपवला, तर ती ‘कपात’, म्हणजे रिट्रेंचमेंट, धरली जात नाही, आणि कपात नसेल तर कलम 25एफ ची नोटीस व भरपाईही लागू होत नाही. करारातच नोटिशीची अट असेल, तर ती मात्र पाळावीच लागते.

हे उपकलम खरोखर ठरावीक मुदतीच्या कामासाठी आहे. काम बारमाही आणि मशिन तेच असूनही कागद तेवढा अकरा महिन्यांचा, असे असेल तर न्यायालय कागदामागचे वास्तव तपासते; कामगारांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायम कामगाराच्या हक्कांपासून दूर ठेवणे ही त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हटली आहे. एस. एम. निलजकर प्रकरणात (2003) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रकल्पापुरती नेमणूक असल्याचे कामगाराला सुरुवातीलाच सांगितलेले असले पाहिजे आणि हे मालकाने सिद्ध करायचे असते. त्यामुळे तुमच्या जागी दुसऱ्याला नेमले का, हे आधी शोधा. माझ्या अनुभवात प्रकरण बहुधा तिथेच फिरते.

कपात सिद्ध झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांत 240 दिवस भरले का, एवढे पाहिले जाते. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात, त्यामुळे दोन दिवसांच्या खंडाने काही बिघडत नाही. चार करारांची मिळून सुमारे 3 वर्षे 8 महिने होतात, आणि सहा महिन्यांहून अधिकचा भाग पूर्ण वर्ष धरला जात असल्याने हिशेब 4 वर्षांचा होतो. दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार म्हणजे 9,000, म्हणून भरपाई 36,000; नोटीस न दिल्याबद्दल एक महिन्याचे 18,000; एकूण 54,000 रुपये. ही रक्कम काढतानाच द्यायची असते, ती न दिल्यास कपातच बेकायदा ठरते. तरीही अलीकडे न्यायालये अशा प्रकरणांत कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे झुकतात, हे धरून चला.

ग्रॅच्युइटीला जुन्या कायद्यात पाच वर्षे लागत, म्हणून तुम्हाला ती मिळणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ती मिळते, पण करार मुदत संपून थांबला तर ती कपात नव्हे, हे तत्त्व तिथेही कायम आहे.

चारही करार, पगारपत्रके आणि हजेरीच्या नोंदी एकत्र ठेवा. त्यांतला खंड खरा होता की कागदावरचा, हे हजेरीवरूनच कळेल.