इंटर्न, ट्रेनी, शिकाऊ उमेदवार: यातला ‘कामगार’ कोण?

"भाचीला पुण्यातल्या एका कंपनीने ‘इंटर्न’ म्हणून घेतलंय, सहा महिने पगार नाही, नंतर बघू म्हणाले. इंटर्नला मराठीत शिकाऊ उमेदवारच म्हणतात ना? मग असं फुकट राबवणं कायद्यात बसतं का?"

नाही, शिकाऊ उमेदवार म्हणजे इंटर्न नव्हे, आणि खरी गंमत इथेच आहे. रोजच्या बोलण्यात आपण कुणालाही शिकाऊ म्हणतो, पण कायद्याच्या मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ हा ठरावीक माणूस आहे, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली लेखी करार करून घेतलेला. त्याला जे मिळतं ते विद्यावेतन, पगार नाही, आणि तो कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे असं त्याच कायद्याचं कलम १८ सरळ सांगतं. पण त्या बदल्यात कायदा मालकालाही बांधून ठेवतो. करार नोंदवायचा, किमान विद्यावेतन द्यायचं (२०१९ च्या दुरुस्तीत पदवीधराला महिना किमान ९००० ठरलं होतं), काम करताना इजा झाली तर भरपाई द्यायची. म्हणजे अप्रेंटिस कायद्याखाली ‘फुकट’ हा प्रकारच नाही.

आपल्याकडे ‘उमेदवारी करणे’ याचा जुना अर्थ मात्र अगदी तुमच्या भाचीसारखा आहे. उमेद म्हणजे आशा, फारसीतून आलेला शब्द, आणि नोकरी लागेल या आशेवर कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करणारा तो उमेदवार. ती जुनी उमेदवारी आता कंपन्यांनी इंग्रजी नाव देऊन परत आणलीय, एवढंच.

आता ‘इंटर्न’ आणि ‘ट्रेनी’. कामगार कायद्यात या नावांचा वेगळा वर्ग नाही, त्यामुळे हे शब्द ऑफर लेटरवर छापले म्हणून काही ठरत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’च्या व्याख्येत अप्रेंटिसही धरलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो वगळलाय, पण वगळलाय फक्त १९६१ च्या कायद्यातला अप्रेंटिस. बाकी ट्रेनींना ही सूट नाही, ते मोबदल्यावर हातचं, तांत्रिक, कारकुनी असं काम करत असतील तर नाव काहीही असो, कामगार ठरू शकतात.

आणि हे नुसतं व्याख्येवरून म्हणत नाहीये. नाशिकच्या त्र्यंबक रबर इंडस्ट्रीजचं प्रकरण २००३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. कंपनीचं म्हणणं, हे सगळे ट्रेनी आहेत. कोर्टाने बघितलं की उत्पादन तर ही ट्रेनी मंडळीच काढतायत, वेगळे कायम कामगार दिसतच नाहीत, मग शिकवतंय कोण आणि कोणाला! ‘ट्रेनी’ हा फक्त मुखवटा ठरला आणि ते कामगार मानले गेले.

हीच पट्टी भाचीला लावून बघा. समजा ती पदवी घेऊन बसलीय, रोज दहा ते सात ऑफिस, टॅलीत बिलं टाकते, क्लायंटचे फोन घेते, ती सुट्टीवर गेली की काम अडतं, आणि शिकवण्याचा ना आराखडा ना कोणी शिकवणारा. हे काम आहे. उलट ती कॉलेजात असती, इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असती, क्रेडिट मिळत असते, कॉलेजने पाठवलं असतं, तर ते शिक्षण धरलं जाण्याची शक्यता जास्त, आणि अशा इंटर्नला सरसकट स्टायपेंड दिलाच पाहिजे असा कायदा नाही. (सीएच्या आर्टिकलशिपचे नियम वेगळे, त्यात इथे शिरत नाही.)

एक अडचण आहे पण. व्याख्येत ‘मोबदल्यासाठी’ हा शब्द आहे, त्यामुळे पैसा दिलाच नाही तर कंपनी म्हणणार मोबदलाच नाही तर कामगार कसला. विचित्र वाटेल, पण माझ्या मते पाच हजार ‘स्टायपेंड’ घेणाऱ्या ट्रेनीची बाजू शून्य घेणारीपेक्षा मजबूत असते, कारण तिथे मोबदला दिसतो आणि मग वाद उरतो फक्त किमान वेतनाइतका दिला का एवढाच. ‘मी विनावेतन काम करीन’ असं सही करून घेतलेलं असलं तरी घाबरू नका, एकदा कर्मचारी ठरली की वेतनाचा हक्क सोडून देणारा करार वेतन संहितेत बाद आहे.

भाचीला आधी एवढंच विचारायला सांगा की केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर माझा करार नोंदवलाय का. नोंदवलाय तर ठरलेलं विद्यावेतन मागायचं. नुसती नोंदणी राहिली म्हणून मात्र खरा अप्रेंटिस आपोआप कामगार होत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलंय. आणि तसला करारच नसेल तर हजेरी, कामाचे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सूचना जपून ठेवायच्या आणि कामगार आयुक्तांच्या ऑफिसात सरकारी कामगार अधिकाऱ्याला जाऊन भेटायचं. तिथे ‘इंटर्न’ या शब्दापेक्षा ती दिवसभर काय करते हे लिहून न्यावं.