ग्रंथपाल बाईंचे आभार मानायचं भाषण

प्रश्न: मुलगी सांगलीत आठवीत आहे. स्नेहसंमेलनात शाळेच्या ग्रंथपाल बाईंचे आभार मानायचं दोन मिनिटांचं भाषण तिच्याकडे आलंय. काय लिहून देऊ?

उत्तर:

काहीच लिहून देऊ नका. आधी तिला एक-दोन मधल्या सुट्ट्या ग्रंथालयात बसू द्या.

मी सांगलीतच एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि संमेलनाची भाषणं माझ्याच गळ्यात पडतात. 'ग्रंथ हेच गुरू' आणि 'वाचाल तर वाचाल' या दोन वाक्यांनी सुरुवात झाली की खुशाल समजावं, पोरानं बाईंना काम करताना पाहिलेलं नाही. ही वाक्यं पुस्तकांविषयी आहेत, आभार तर बाईंचे मानायचेत.

आमच्याकडे नववीतल्या एका मुलीनं असंच भाषण आणलं होतं. तिला म्हटलं, बाई काय काय करतात ते बघून ये. तिनं पाहिलं, की परत आलेलं पुस्तक बाई लगेच कपाटात ठेवत नाहीत. आधी ते चाळतात. मधे पेन्सिलीचा तुकडा निघतो, कधी कुणाचा एसटीचा पास निघतो. फाटलेलं पान दिसलं की पुस्तक बाजूला. त्याला चिकटपट्टी लावू देत नाहीत, कारण ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि तिचा डिंक कागदात उतरतो, तो डाग जात नाही. त्याऐवजी मैद्याची खळ, पातळ कागदाची पट्टी आणि वर रात्रभर वजन.

मग तिनं विचारलं, सगळ्या कपाटांचा खालचा खण रिकामा का? पोरांना वाटायचं पुस्तकं कमी आहेत. बाईंनी 2019 च्या ऑगस्टमधला महापूर सांगितला. आमची शाळा गावभागाच्या बाजूला, पाणी वर्गात शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भिजलेली पुस्तकं बाईंनी बाकांवर मांडली, पानांच्या मधे वर्तमानपत्राचे कागद घातले, ते ओले झाले की बदलले, आणि पंखे चालू ठेवले. उन्हात घातली नाहीत, कारण कडक उन्हात पुठ्ठे वाकतात. साध्या कागदाची बरीच वाचली. गुळगुळीत कागदावरचे रंगीत चित्रकोश मात्र वाळताना पान पानाला चिकटून विटेसारखे घट्ट झाले, ते गेलेच. बुरशी धरलेली वेगळी काढून रद्द करावी लागली आणि दाखल नोंदवहीत एकेकासमोर तसा शेरा लिहावा लागला.

आता भाषण आपोआपच झालं. त्याचा मधला भाग साधारण असा होता:

"आपल्या ग्रंथालयात खालचा खण रिकामा असतो. मला वाटायचं, तेवढी पुस्तकंच नाहीत. बाईंनी सांगितलं, महापुरात पाणी तिथवर आलं होतं. तेव्हा आम्ही या शाळेत नव्हतो. पण आज आम्ही वाचतो त्यातल्या काही पुस्तकांच्या पानांवर पाण्याची तपकिरी रेघ आहे. ती पुस्तकं बाईंनी एकेक पान सोडवून वाळवली, म्हणून आमच्या हातात आली. बाई, मागच्या महिन्यात मी पान फाटलेलं पुस्तक गुपचूप परत ठेवलं होतं. तुम्ही ते खळ लावून जोडलंत. ते मीच फाडलं होतं."

शेवटच्या वाक्याला सभागृह हसलं आणि बाईही हसल्या. तुमच्या मुलीनं हे उचलू नये, तिला तिच्या ग्रंथालयात वेगळं काहीतरी दिसेल.

एक सांभाळा. बाई नियमाबाहेर जाऊन एखाद्या मुलाला दोन पुस्तकं देत असतील, दंड माफ करत असतील, तर ते माइकवरून सांगू नका. समोर मुख्याध्यापक आणि संस्थेची मंडळी बसलेली असतात, कौतुकाच्या नादात बाईच अडचणीत येतील. तसंच, कित्येक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ असतात. तेव्हा 'दिवसभर राबतात' असं ठोकून देण्याआधी विचारून घ्या.

लांबीचं म्हणाल तर मुलांच्या वेगानं दोन मिनिटांत सव्वादोनशे-अडीचशे शब्द होतात. त्यातले पन्नास 'व्यासपीठावरील सन्माननीय' यातच जातात, म्हणून पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकांवर सोडा आणि 'सर्वांना नमस्कार' म्हणून सुरू करा.

आणि सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा. बक्षिसाची पुस्तकं बहुतेक ठिकाणी ग्रंथपालच लावून देतात, त्यामुळे ऐन भाषणाच्या वेळी बाई पडद्यामागे गठ्ठे मोजत असतात. आमच्याकडे एका वर्षी अख्खं भाषण रिकाम्या खुर्चीकडे बघून झालं. पाच मिनिटं आधी कुणालातरी त्यांना बोलवायला पाठवा आणि गठ्ठ्यांपाशी दुसऱ्या कुणाला तरी बसवा, नाहीतर त्या यायच्या नाहीत.