वडिलांकडून आलेला फ्लॅट विकला: तारीख कुठली धरायची, किंमत कुठली?

प्रश्न: वडिलांनी 1989 साली पुण्यात 1 लाख 85 हजाराला फ्लॅट घेतला होता. मार्च 2024 मध्ये ते गेले, ऑगस्टमध्ये सोसायटीने तो माझ्या आणि अमेरिकेतल्या भावाच्या नावावर केला. डिसेंबर 2025 मध्ये 90 लाखाला विकला. आमच्या नावावर दोन वर्षंसुद्धा नव्हता, मग यावरचा भांडवली नफा शॉर्ट टर्म होणार का? आणि खरेदीची किंमत कुठली, वडिलांची की ते गेले तेव्हाचा बाजारभाव?

उत्तर:

लाँग टर्मच आहे. मृत्यूची तारीख, सोसायटीच्या ठरावाची तारीख, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढल्याची तारीख, यातली एकही इथे कामाची नाही. वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेत आधीच्या मालकाने ती जितके दिवस ठेवली, ते दिवस तुमच्या खात्यात मोजले जातात (आयकर कायद्याचं कलम 2(42A) बघा). घराला 24 महिन्यांची अट आहे आणि तुमचं घर हिशेबापुरतं 1989 पासून तुमच्याकडे आहे.

किमतीचंही तसंच. कलम 49(1) म्हणतं, वारसाची खरेदी किंमत म्हणजे आधीच्या मालकाला पडलेली किंमत. मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरायची सोय आपल्याकडे नाही. ही कल्पना तुमच्या भावाकडून आली असावी, कारण अमेरिकेत वारसाला मृत्यूच्या दिवशीची किंमत मिळते. माझा मेव्हणाही न्यू जर्सीत असतो आणि दर दिवाळीला फोनवर मला हा नियम समजावतो. तिथे तो बरोबरच आहे, फक्त फ्लॅट इथे आहे.

पण 1 लाख 85 हजारावर थांबू नका. घर 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेलं असेल, तर मूळ किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 ची वाजवी बाजार किंमत घेता येते. वडिलांनी आधी घेतलंय एवढं पुरे, तुमच्याकडे ते 2024 मध्ये आलं याने फरक पडत नाही. यावर एक मर्यादा मात्र आहे. ही किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा, म्हणजे 2001 च्या रेडी रेकनरपेक्षा, जास्त धरता येत नाही. 2020 च्या अर्थसंकल्पात ही दुरुस्ती आली. त्याआधी व्हॅल्युअर मंडळी सढळ हाताने आकडे लिहायची.

आता तुमचाच हिशेब करून बघू. रेकनरचा आणि नूतनीकरणाचा आकडा मी धरून चाललोय, तुमचे खरे घाला. समजा, व्हॅल्युअरने 2001 ची किंमत साडेनऊ लाख काढली, पण रेकनरप्रमाणे 8 लाख येते. मग धरायचे 8 लाख. वडिलांनी 2010-11 मध्ये स्वयंपाकघर तोडून नवं केलं, फरशा बदलल्या, बाल्कनी खोलीत घेतली, 3 लाख खर्च आला आणि बिलं आहेत असंही समजू. हा सुधारणेचा खर्च वडिलांनी केलेला असला तरी तुमच्या हिशेबात येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती येत नाही. 2001 च्या आधीची सुधारणाही वेगळी धरायची नाही, कारण ती 2001 च्या किमतीत आलेलीच असते.

दलाली 90 हजार गेली असेल, तर 90 लाखातून वजा करून 89 लाख 10 हजार उरतात. त्यातून 8 आणि 3, मिळून 11 लाख गेले की नफा 78 लाख 10 हजार. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीला दर साडेबारा टक्के आहे आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईच्या निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून धरणं, नाही. कर 9 लाख 76 हजार 250. वर 4 टक्के सेस.

भारतात राहणाऱ्याला मात्र, घर 23 जुलै 2024 च्या आधीचं असेल तर, जुन्या पद्धतीशी तुलना करायची मुभा आहे. इंडेक्सेशन घेऊन 20 टक्क्यांनी कर काढायचा, तो कमी आला तर तेवढाच भरायचा. 2001-02 चा निर्देशांक 100, 2025-26 चा 376. म्हणून 8 लाखाचे होतात 30 लाख 8 हजार. नूतनीकरणाच्या वर्षीचा निर्देशांक 167 होता, त्यामुळे 3 लाखाचे सुमारे 6 लाख 75 हजार. नफा साधारण 52 लाख 27 हजार, त्याचे 20 टक्के म्हणजे 10 लाख 45 हजार. म्हणजे इंडेक्सेशन घेऊन जवळजवळ 69 हजार जास्त जातात! ‘इंडेक्सेशन काढून घेतलं, आपण मेलो’ असं म्हणणाऱ्या कित्येकांनी हे गणित करूनच पाहिलेलं नसतं.

एक ढोबळ आकडा लक्षात ठेवा, मी तो स्वतः मांडून काढलाय. 2025-26 मधल्या विक्रीत, सुधारणेचा खर्च बाजूला ठेवला तर, विक्रीची निव्वळ रक्कम 2001 च्या किमतीच्या साधारण 8.36 पटींपेक्षा जास्त असेल तर साडेबारा टक्के फायद्याचे. कमी असेल तर इंडेक्सेशन आणि 20 टक्के. तुमची पट 11 च्या वर जाते. रेकनर 12 लाख निघाला असता, तर मात्र पारडं फिरलं असतं. म्हणून आधी रेकनर काढा.

तो काढतानाच माणसं घसरतात. सरकारमान्य नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून 1 एप्रिल 2001 चा अहवाल घ्या आणि हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा. 2001 च्या तक्त्यातल्या त्या पानाची प्रत जोडली आहे का. विभाग त्या वेळचा धरलाय का, कारण मधल्या वर्षांत विभागांच्या हद्दी बदलल्यात. आणि क्षेत्रफळ. रेकनरचा दर बिल्टअपवर चालतो, जुन्या करारात कधी कार्पेट लिहिलेलं असतं तर कधी सुपर बिल्टअप. कार्पेटला बिल्टअपचा दर लावला की तुमची किंमत विनाकारण कमी होते, सुपर बिल्टअपला लावला की मर्यादा ओलांडली जाते आणि अधिकारी तिथेच बोट ठेवतो. अहवालात नुसता ‘त्या काळातल्या व्यवहारांवरून’ असा गोल आकडा असेल तर परत पाठवा.

मी स्वतः यात पोळलोय. आईने 1996 मध्ये घेतलेलं घर, ती 2014 मध्ये गेली, आम्ही 2018-19 मध्ये विकलं. तेव्हा इंडेक्सेशन सगळ्यांनाच होतं. आमच्या सल्लागाराने 2001 ची किंमत बरोबर साडेचार लाख धरली, पण निर्देशांक लावला तो आई गेली त्या वर्षापासूनचा, 240. विक्रीच्या वर्षीचा होता 280. साडेचाराचे झाले सव्वापाच लाख. 2001 च्या 100 पासून मोजले असते तर 12 लाख 60 हजार. मी विचारलं तर म्हणाला, कायद्यात ‘करदात्याने मालमत्ता धारण केली ते पहिलं वर्ष’ असं लिहिलंय. लिहिलंय खरं. पण मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्येच निकाल दिला होता की आधीच्या मालकाचा काळ धरून लाँग टर्म ठरवता, तर इंडेक्सेशनही त्याच्याच पहिल्या वर्षापासून द्यायला हवं. तो खटला बक्षीस दिलेल्या फ्लॅटचा होता, पण तर्क वारशालाही तोच. सुधारित विवरणपत्र भरलं, 1 लाख 47 हजाराचा फरक पडला. आजही कोणी 20 टक्क्यांच्या पर्यायात 2024 पासूनचा निर्देशांक लावून देत असेल तर त्याला हेच सांगा.

आता भाऊ. नफा दोघांत निम्मा, प्रत्येकी 39 लाख 5 हजार, आणि प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा. 2001 ची किंमत धरायची सोय त्यालाही आहे. 20 टक्क्यांची तुलना मात्र अनिवासी माणसाला नाही. तुमच्या बाबतीत तो पर्याय तोट्याचाच आहे, त्यामुळे दोघांचा कर सारखाच, 4 लाख 88 हजार 125 आणि सेस. फरक आहे टीडीएसमध्ये. तुमच्या हिश्श्यावर खरेदीदार 1 टक्का कापतो, भावाच्या हिश्श्याला कलम 195 लागतं आणि कपात बरीच मोठी असते. पुष्कळ खरेदीदार दोघांचा 1 टक्काच कापून मोकळे होतात आणि मग त्यांनाच नोटीस येते. काय कापलंय ते दोघांच्या 26AS मध्ये बघून घ्या. जास्त कापलं असेल तर भावाला इथे विवरणपत्र भरून परतावा मागावा लागेल.

‘आधीचा मालक’ या शब्दात अजून एक खुबी आहे. कायद्याला वारस, बक्षीस, मृत्युपत्र अशा मार्गांनी न मिळवता ज्याने ती मालमत्ता मिळवली, तो शेवटचा माणूस हवा असतो. वडिलांना घर आजोबांकडून आलं असतं तर साखळी आजोबांपर्यंत गेली असती. हक्कसोडपत्राचंही हेच. बहिणीने काही न घेता आपला हिस्सा भावाला सोडला तर साखळी तुटत नाही. पण भावाने तिला 20 लाख देऊन हिस्सा घेतला असेल, तर तेवढ्या हिश्श्याची किंमत 20 लाख आणि तारीख त्या व्यवहाराची. पुढे दीड वर्षात घर विकलं तर एकाच घराचा अर्धा भाग लाँग टर्म आणि अर्धा शॉर्ट टर्म होतो, आणि 20 लाख घेणाऱ्या बहिणीला त्या वर्षी स्वतःचा भांडवली नफा दाखवावा लागतो. तुमच्यात असा व्यवहार झालेला नाही, पण नावावर करताना पैशाची देवघेव झाली असेल तर आत्ताच सांगा, हिशेब बदलेल.

दुसरं घर घेऊन कलम 54 ची सूट घेणार असाल तर विनाइंडेक्सेशनचा नफा, म्हणजे तुमचे 39 लाख 5 हजार, गुंतवायला लागतील. 20 टक्क्यांची सोय फक्त करापुरती आहे, नफा त्याने कमी होत नाही. 54EC चे बाँड घ्यायचे तर विक्रीपासून सहा महिने. यातलं काहीच करणार नसाल तर आगाऊ कराचा 15 मार्चचा हप्ता चुकवू नका, नाहीतर व्याज लागतं. विक्री 2025-26 मधली असल्याने 1961 चाच कायदा लागू, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्याची कलमं घेऊन कोणी घोळ घातला तर लक्ष देऊ नका.

1989 चा करार सापडत नसेल तर दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टूची प्रत काढा. किंमत 2001 चीच धरायची असली, तरी खरेदी 2001 च्या आधीची आहे हे दाखवायला तो कागद लागतोच.