नफ्याची शक्यता ८५ टक्के, तरीही सौदा तोट्याचा

प्रश्न : ऑप्शनमागच्या मूळ मालमत्तेचा भाव १००० आहे. ९५० चा पुट, म्हणजे त्या भावाला विकण्याचा हक्क, विकून ९३० चा घेतला तर २ अंक मिळतात आणि प्लॅटफॉर्मवर नफ्याची शक्यता ८५ टक्के दिसते. ९८० चा विकून ९६० चा घेतला तर ६ अंक मिळतात, पण शक्यता ७० टक्केच. एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याचा दिवस, एकच आहे. पहिला सौदा अधिक सुरक्षित नाही का?

८५ टक्के हा आकडा एवढेच सांगतो की एक्स्पायरीला भाव ९४८ च्या, म्हणजे ९५० वजा मिळालेले २ अंक याच्या, वर राहण्याची शक्यता किती आहे. नफा किती होईल आणि उरलेल्या १५ टक्क्यांत काय होईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. या दोन सौद्यांत खरा फरक नेमका तिथेच आहे.

एक्स्पायरीचा भाव १००० भोवती पसरलेला असून त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे तो किती पसरतो याचे माप, ५० अंक आहे, असे धरून हिशेब करू. पहिल्या सौद्यात साधारण ८४ टक्के वेळा भाव ९५० च्या वर राहून पूर्ण २ अंक हाती येतात, ८ टक्के वेळा तो ९३० च्या खाली जाऊन १८ अंक जातात आणि मधल्या ८ टक्क्यांत सरासरी ७ अंकांचा तोटा होतो. या तिन्हींची बेरीज केली की प्रत्येक सौद्यामागे सरासरी सुमारे ०.३ अंकाचा तोटा निघतो. दुसऱ्यात ६६ टक्के वेळा ६ अंक मिळतात, २१ टक्के वेळा १४ अंक जातात आणि मधल्या १३ टक्क्यांत सरासरी साडेतीन अंकांचा तोटा होतो. इथे बेरीज सुमारे अर्धा अंक नफा अशी येते. म्हणजे जो सौदा कमी वेळा जिंकतो, त्याचेच अपेक्षित मूल्य, म्हणजे ही सरासरी, अधिक आहे, कारण जोखमीच्या मानाने त्याचा प्रीमियम, म्हणजे सुरुवातीला मिळणारे अंक, चांगला आहे.

प्रश्न : मग प्लॅटफॉर्मवरच्या टक्केवारीवरूनच अपेक्षित मूल्य काढून सौदा निवडावा का?

इथे फार सावध राहावे लागते. ती टक्केवारी ऑप्शनच्या भावांत दडलेल्या व्होलॅटिलिटीवरून, म्हणजे चढउताराच्या अंदाजावरून, पर्यायाने भावांवरूनच काढलेली असते. त्याच भावांना त्याच टक्केवारीने तोलले, तर हिशेब नीट केल्यास उत्तर शून्याच्या आसपास यायला हवे आणि त्यातून दलाली व खरेदी-विक्रीच्या भावांतील फरक वजा व्हायला हवा. अनेकदा सगळ्या स्ट्राइकसाठी, म्हणजे ९५०, ९८० अशा पुटांच्या ठरलेल्या भावांसाठी, एकच व्होलॅटिलिटी वापरलेली असते, प्रत्यक्षात मात्र प्रत्येक स्ट्राइकच्या भावात ती वेगळी असते. त्यामुळे वर दिसलेला अर्धा अंक हा केवळ या तफावतीचा परिणाम असू शकतो.

म्हणून प्रमाण विचलनाचा आपला अंदाज हलवून पाहावा. ते ५० ऐवजी ५७ धरले, तर दुसऱ्या सौद्यात नफ्याची शक्यता ७० वरून जेमतेम ६८ टक्क्यांवर येते, पण अपेक्षित मूल्य पूर्ण शून्य होते. शक्यतेचा आकडा जवळजवळ जागचा हलत नाही आणि सौद्यातला सगळा फायदा मात्र नाहीसा होतो. मला ही गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिला सौदा याच अंदाजात सुमारे एक अंक तोट्यात जातो. आपला व्होलॅटिलिटीचा अंदाज बाजारापेक्षा वेगळा का आहे, याचे कारण देता येत नसेल, तर यांतला कोणताही सौदा करण्यास आधार नाही.

प्रश्न : पहिल्या प्रकारचे दहा सौदे केले आणि दहाही नफ्यात गेले. हा पुरावा नाही का?

नाही. प्रत्येक वेळी ८५ टक्के शक्यता असेल, तर सलग दहाही नफ्यात जाण्याची शक्यता सुमारे २० टक्के असते. म्हणजे तोट्याचे अपेक्षित मूल्य असलेला हा सौदा करणाऱ्या पाच जणांपैकी एकाला साधारणपणे हाच अनुभव येईल. दहा सौद्यांत आपल्याला २० अंक मिळाले आणि एका पूर्ण तोट्यात त्यांतले १८ जातात. या सौद्याच्या निकालाचे प्रमाण विचलन सुमारे ६ अंक असताना ०.३ अंकाचा कल खात्रीने ओळखायला हजाराहून अधिक स्वतंत्र सौदे लागतील. एकाच आठवड्यात, एकाच दिशेने केलेले सौदे तर स्वतंत्रही नसतात, ते एकत्रच बुडतात.

प्रश्न : अर्धा नफा मिळताच बाहेर पडलो तर शक्यता वाढते ना?

वाढते, पण जिंकल्यावरची रक्कम निम्मी होते आणि मोठा तोटा मात्र जागेवरच राहतो. भाव योग्य असतील तर लवकर बाहेर पडल्याने अपेक्षित मूल्य सुधारत नाही. उलट बाहेर पडताना दोन्ही पुटांवर पुन्हा खर्च येतो, आणि एकूण प्रीमियमच २ अंकांचा असताना तो खर्च त्यातला मोठा हिस्सा खाऊन टाकतो.