‘डिदर’ म्हणजे ‘चलबिचल’ का?

प्रश्न: २४ बिटांच्या प्रकल्पातून १६ बिटांची मास्टर फाइल काढताना डिदरिंग आणि नॉइज शेपिंग असे दोन पर्याय दिसतात. माझ्या मराठी टिपणात मी त्यांना ‘चलबिचल’ आणि ‘गोंगाट-आकारणी’ म्हटले आहे. ते बरोबर आहे का?

दोन्ही शब्द बदलावेत असे मला वाटते, मात्र दोहोंची कारणे वेगळी आहेत.

मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ थरथरणे, कापणे असा आहे. मन द्विधा होणे हा अर्थ नंतरचा. ध्वनिमुद्रणात जुनाच अर्थ कामाचा ठरतो, कारण येथे कोणाचाही निर्णय अडलेला नसतो, तर ध्वनीच्या नमुन्यांना मुद्दाम हलकी थरथर दिली जाते.

ती का द्यावी लागते, हे एका उदाहरणावरून पाहू. २४ बिटांवरून १६ वर येताना खालचे ८ बिट जातात, म्हणजे आधीच्या २५६ बारीक पायऱ्यांच्या जागी एकच मोठी पायरी उरते. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरत चालला आहे आणि एखाद्या क्षणी नमुन्याची किंमत या मोठ्या पायरीच्या ०.३ इतकीच आहे, असे धरू. ती जवळच्या पायरीवर बसवली तर शून्य होते आणि कितीही वेळा बसवली तरी शून्यच होते. आता बसवण्यापूर्वी तिच्यात उणे १ ते अधिक १ पायरी यांच्या दरम्यानची एक यादृच्छिक संख्या मिळवू. ही संख्या शून्याजवळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांकडे सरळ रेषेत कमी होत जाणारी ठेवतात, म्हणून या प्रकाराला त्रिकोणी डिदर म्हणतात. असे केल्यावर १०० वेळांपैकी सरासरीने ३२ वेळा १, ६६ वेळा ० आणि २ वेळा उणे १ येते. ३२ मधून २ गेले की ३० उरतात, म्हणजे सरासरी पुन्हा ०.३. पायरीपेक्षा लहान असलेला सूर असा सरासरीत शिल्लक राहतो, आणि मिळवलेल्या यादृच्छिक संख्यांमुळे येणाऱ्या सळसळीच्या आतूनही कान तो ऐकू शकतो. म्हणून अर्थ सांगायचा असेल तर ‘थरथर’ म्हणावे. टिपणात मात्र ‘डिदर’ हाच शब्द ठेवावा, कारण पडद्यावर तोच दिसतो. इंग्रजी उच्चार मृदू असल्याने ‘डिथर’पेक्षा ‘डिदर’ हे लेखन बरे.

‘गोंगाट’ हा शब्द मला येथे विशेष खटकतो. डिदर न देता बिट कमी केले, तर होणारी चूक सुराला चिकटून येते आणि झंकार विरताना खरखर होऊन मध्येच तुटतो. डिदर दिला की त्या खरखरीच्या जागी एकसारखी, सुराशी संबंध नसलेली सळसळ येते. एका दोषाच्या बदल्यात दुसरा, सौम्य दोष पत्करण्याचा हा व्यवहार आहे, आणि मराठीत या दोन आवाजांना दोन वेगळे शब्द असताना दोन्हींना एकाच ‘गोंगाटा’त कोंबू नये.

‘आकारणी’ म्हटले की मराठी वाचकाला घरपट्टी आठवते. शिवाय नॉइज शेपिंगमध्ये सळसळीला आकार देण्यापेक्षा तिची जागा बदलणे महत्त्वाचे असते. आधीच्या नमुन्यांत झालेली चूक पुढच्या नमुन्यांच्या हिशेबात अशा रीतीने परत घातली जाते, की कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास सळसळ कमी होते आणि साधारण १५ किलोहर्ट्झच्या वर, जेथे आपल्याला फारसे ऐकू येत नाही, तेथे वाढते. एकूण सळसळ घटत नाही, उलट वाढते. म्हणून ‘सळसळीची फेरमांडणी’ हा शब्दप्रयोग मी सुचवेन.

फेरमांडणी केलेली फाइल पुन्हा प्रक्रियेत घालू नये, कारण वर सरकवलेली सळसळ इक्वलायझरने उचलली जाते, आणि १६ बिटांत नंतर केलेल्या फेडला पुन्हा डिदर लागतो. फेड आणि नमुनादराचा बदल आधी उरकून डिदर शेवटी, एकदाच द्यावा. सॉक्स या ध्वनिप्रक्रियेच्या प्रोग्रामच्या पुढील आज्ञेत तोच क्रम आहे, आणि `-s` मुळे डिदरसोबत फेरमांडणीही होते:

```
sox master24.wav -b 16 master16.wav rate -v 44100 dither -s
```

फरक ऐकण्यासाठी डिदरसह आणि डिदराविना अशा दोन फाइली काढाव्यात, त्या २४ बिटांच्या प्रकल्पात आणून झंकाराचे फक्त शेवटचे काही सेकंद वेगळे कापावेत आणि ४० डेसिबलने उचलावेत. त्याआधी स्पीकरचा आवाज उतरवून ठेवावा. मूळ ध्वनिमुद्रणात खोलीचीच सळसळ १६ बिटांच्या पायरीपेक्षा बरीच मोठी असेल, तर दोन्हींत भेद ऐकू येणार नाही, कारण ती सळसळच डिदराचे काम करून गेलेली असते.